‘संपूर्ण फ्लॅट’ म्हणजे नक्की किती? वांद्र्यातल्या एका पाईपलाईनच्या कोटेशनचा धडा

या वेळच्या व्हिडिओत मी प्लंबिंगचं एक कोटेशन फळ्यावर खोडून पुन्हा लिहिलं. फळ्यावर जागा कमी पडली आणि बोलताना काही गोष्टी राहून गेल्या, म्हणून ते काम इथे सावकाश मांडतो. जे स्वतः प्लंबिंगची कामं घेतात त्यांनी हे समोर आपलं शेवटचं कोटेशन ठेवून वाचा.

काम होतं वांद्रे पश्चिमेला, हिल रोडच्या आतल्या एका गल्लीत. तळमजला अधिक तीन अशी जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, आणि फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. दोन बेडरूम, दोन बाथरूम. आतली लाईन बिल्डिंग बांधली तेव्हाचीच, जीआयची. सकाळी नळ सोडला की आधी लालसर पाणी यायचं आणि शॉवरला धार जेमतेम. आपल्या बॅचमधल्या एका काँट्रॅक्टरने काम पाहिलं आणि घरमालकिणीला व्हॉट्सअॅपवर एका ओळीचं कोटेशन पाठवलं: ‘संपूर्ण फ्लॅटची पाण्याची लाईन बदलणे, मटेरियलसह, रु. १,१०,०००.’

मॅडमनी होकार दिला. सहा दिवसांचं काम नऊ दिवस चाललं आणि शेवटी त्यांनी ३०,००० अडकवले. गंमत अशी की यात कोणीच खोटं बोललं नव्हतं. याच्या मते ‘संपूर्ण’ म्हणजे सगळे पाईप नवे. त्यांच्या मते ‘संपूर्ण’ म्हणजे पाईप नवे, भिंत पूर्वीसारखी आणि शॉवर जोरात.

हिशोब बघा. या कामात त्याला साधारण २२,००० सुटायला हवे होते. डक्टमधल्या दुरुस्तीला ६,५०० गेले, डेब्रिज खाली उतरवायला आणि न्यायला ४,०००, तीन जादा दिवसांची मजुरी ७,२००. म्हणजे १७,७०० गेले, उरले ४,३००. अडकलेल्या ३०,००० पैकी भांडून मिळाले १२,०००. म्हणजे १८,००० बुडाले आणि काम संपलं तेव्हा स्वतःच्या खिशातून १३,७०० घातलेले होते. काम मात्र चांगलं केलं होतं, एकही जॉइंट गळला नाही.

आता हे फाटलं कुठे ते पाहू.

पहिलं, लाईन सुरू कुठे होते? फ्लॅटला पाणी एकाच जागेवरून येतं असं आपण धरून चालतो. मुंबईच्या जुन्या बिल्डिंगमध्ये बहुतेक वेळा तसं नसतं. गच्चीच्या टाकीवरून बाथरूमच्या प्रत्येक रांगेसाठी वेगळा डाउनटेक खाली येतो आणि किचनचा पाईप कित्येक ठिकाणी स्वतंत्र असतो. या फ्लॅटला तीन ठिकाणांहून पाणी येत होतं: दोन बाथरूमचे दोन डक्ट आणि किचनच्या बाहेरची एक लाईन. तुमच्या साईटवर फ्लशचं पाणी बोअरचं असेल तर ती चौथी लाईन समजा, आणि ती किचनच्या किंवा अंघोळीच्या लाईनला कुठेही जोडली जाणार नाही हे कोटेशनमध्ये लिहा. एका चुकीच्या टीमुळे बोअरचं पाणी प्यायच्या नळाला येऊ शकतं.

आपल्या माणसाने दुसऱ्या बाथरूमची जुनी ब्रँच सोडवायला पाना लावला आणि डाउनटेकवरची टीच तडकली. जीआयचे आटे आतून सडलेले असतात, बाहेरून रंग मारलेला असल्यामुळे कळत नाही. वरचा वॉल्व फिरवला तर तो पूर्ण बंदच होईना. संध्याकाळभर त्या रांगेतल्या सगळ्या फ्लॅटचं पाणी बंद. सोसायटीच्या सेक्रेटरींनी बिल त्याच्या हातात दिलं, आणि मॅडम म्हणाल्या, ‘तुम्ही तोडलंत, तुम्ही भरा.’

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामाईक पाईपलाईनची दुरुस्ती सोसायटीकडे असते आणि फ्लॅटच्या आतलं काम सभासदाकडे. पण टी तुमच्या पान्याखाली तडकल्यावर हा मुद्दा काढलात तर तो बहाणा वाटतो. काम सुरू होण्याआधी तोच मुद्दा साधी माहिती असतो. म्हणून पाहणीच्या दिवशीच प्रत्येक डक्टमध्ये डोकावा, वॉल्व बंद करून आतला नळ सोडा, धार थांबते का बघा आणि टीचे फोटो काढा. मग कोटेशनमध्ये लिहा:

‘कामाची सुरुवात: डक्ट क्र. १, डक्ट क्र. २ व किचन लाईन येथील फ्लॅटच्या वॉल्वनंतर. वॉल्व, त्यामागची टी आणि उभी लाईन या कामात नाहीत. डक्ट क्र. २ चा वॉल्व पूर्ण बंद होत नाही (फोटो सोबत). तो काम सुरू होण्यापूर्वी सोसायटीकडून बदलून घ्यावा. आम्ही बदलल्यास वेगळा दर, सोसायटीच्या लेखी परवानगीने. सोडवताना जुनी टी तुटण्याची शक्यता आहे.’

शेवटचं वाक्य लिहायला लोक घाबरतात, काम हातचं जाईल म्हणून. माझा अनुभव उलटा आहे. ज्याने डक्टचा फोटो पाठवला त्याच्यावर गिऱ्हाईक जास्त विश्वास टाकतं, कारण बाकीच्या दोघांनी डक्टचं दार उघडलेलंच नसतं.

लाईन संपते कुठे, हा याच्याच जोडीचा प्रश्न. इथे पॉइंट मोजायचे. किचनमध्ये सिंक आणि प्युरिफायर असे २. पहिल्या बाथरूमला बेसिनचे थंड-गरम २, शॉवर मिक्सरचे २, गीझरचे २, फ्लश १, जेट १, म्हणजे ८. दुसऱ्या बाथरूमला बेसिनला फक्त थंड, म्हणून ७. वॉशिंग मशीन १. एकूण १८. ‘१८ पॉइंट, प्रत्येक पॉइंट अँगल कॉक किंवा मिक्सरच्या तोंडापर्यंत’ असं लिहिलं की बाल्कनीतला एकोणिसावा नळ फुकट मागता येत नाही. तिथेच जादा पॉइंटचा दरही लिहून टाका.

नळ, मिक्सर, डायव्हर्टर कोणाचे, तेही इथेच. या कामात ते ग्राहकाचे होते आणि डायव्हर्टर तीन दिवस उशिरा आले. डायव्हर्टरची बॉडी भिंतीत बसते, ती हातात आल्याशिवाय भिंत बंद करता येत नाही. तीन जादा दिवस गेले ते इथे. ओळ अशी हवी: ‘डायव्हर्टर कामाच्या दुसऱ्या दिवसापर्यंत साईटवर हवेत. उशीर झाल्यास थांबलेल्या मजुरीचा दर रु. २,४०० प्रतिदिन.’

मटेरियलमध्ये नुसतं ‘चांगल्या कंपनीचे पाईप’ लिहू नका. सीपीव्हीसी, आयएस १५७७८, एसडीआर ११, कंपनीचं नाव, साईझ. गरम पाण्याला यूपीव्हीसी चालत नाही हे तुम्हाला माहीत आहे, गिऱ्हाईकाला नाही. स्वस्त कोटेशनमधला फरक त्याला इथेच दिसतो. नळ जिथे आट्याने बसतो तिथे पितळी आट्याचे फिटिंग, हेही लिहा. प्लास्टिकचा आटा वाचवतो थोडे रुपये आणि पुढे नळ बदलताना भिंतीतच फुटतो.

दुसरं भांडण भिंतीवरून झालं. भिंतीत झिरी मारली की टाईल्स जाणारच, आणि जुन्या टाईल्सचा जोड आता बाजारात मिळत नाही. मॅडमना संपूर्ण भिंत नव्या टाईल्सची हवी होती, याने झिरीपुरतं सिमेंट भरून ठेवलं. दोघंही आपापल्या जागी बरोबर. लिहायला हवं होतं की झिरी प्लास्टरने बंद करून देऊ, टाईल्स आणि रंग यात नाहीत, आणि जुन्या टाईल्सशी जुळणी होणार नाही. खोली कुठे थांबेल तेही लिहा: कॉलम आणि बीममध्ये झिरी मारली जाणार नाही, तिथे पाईप उघडा राहील. बाथरूमची जमीन फोडायची नाही, लाईन भिंतीवरून वरच्या अंगाने न्यायची, असं ठरवलंत तर वॉटरप्रूफिंगचा प्रश्नच येत नाही. जमीन फोडावी लागली तर वॉटरप्रूफिंग वेगळं, नाहीतर खालच्या मजल्याच्या छताला ओल आली की फोन तुम्हालाच. डेब्रिजचंही तसंच. तीन मजले, लिफ्ट नाही, तर किती गोण्यांपर्यंत तुमच्या दरात आणि पुढच्या गोणीला किती, एवढं पुरतं.

आता तिसरी गोष्ट, जी कोणीच लिहीत नाही: प्रेशर. मॅडमच्या मनात काम मुळात शॉवरसाठीच होतं. पण शॉवरचा दाब टाकीच्या उंचीवरून येतो. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो. हा फ्लॅट गच्चीच्या लगेच खाली, टाकीतलं पाणी शॉवरपासून जेमतेम चार मीटर वर, म्हणजे दाब ०.४ किलोच्या आसपास. गंजून अर्धा बुजलेला जीआय काढल्यावर धार नक्की सुधारते, कारण वाटेतला अडथळा जातो. पण वरून येणारा दाब तेवढाच राहतो. अशा फ्लॅटला मुख्य लाईन एक इंचाची ठेवून अर्धा इंच फक्त शेवटच्या फांदीला ठेवणं शहाणपणाचं, आणि तरीही मोठा रेन शॉवर पंपाशिवाय चालणार नाही.

यावर एक साधा उपाय आहे. पाहणीच्या वेळी १५ लिटरची बादली ठेवा, नळ पूर्ण सोडा, किती सेकंदांत भरते ते मोबाईलवर मोजा आणि आकडा कोटेशनमध्ये टाका. काम झाल्यावर त्याच नळाला, टाकी तेवढीच भरलेली असताना, पुन्हा मोजा. खाली लिहा: ‘दाब टाकीच्या उंचीवर अवलंबून आहे, त्याची हमी नाही. प्रेशर पंप या कामात नाही.’ मग ‘फरकच पडला नाही’ हे वाक्य बादलीसमोर टिकत नाही.

टेस्टिंगची अटही कागदावर हवी. शेवटच्या जॉइंटनंतर एक दिवस थांबायचं, लाईन डाउनटेकपासून सुटी करून पाण्याने भरायची, हवा काढायची आणि हातपंपाने ६ किलो दाब देऊन दोन तास काटा बघायचा. जुन्या उभ्या लाईनला तो दाब कधीही देऊ नका. काटा हलला नाही की मालकांची सही घ्या, भिंतीला टेप लावून उघड्या पाईपचे फोटो काढा आणि त्यांना पाठवा, मगच प्लास्टर. पुढे कोणी टॉवेल रॉडसाठी ड्रिल मारून पाईप भोसकला तर तो एक वर्षाच्या तुमच्या हमीत येत नाही, आणि हे दाखवायला फोटो असतात.

पैशांचं लवकर सांगतो. हप्ते दिवसांना बांधू नका, टप्प्यांना बांधा: ४० टक्के मटेरियलला, ४० टक्के टेस्टची सही झाल्यावर, २० टक्के सगळे पॉइंट चालू झाल्यावर. अशाने भिंत आणि शॉवरवरून कितीही वाद झाला तरी अडकतात ते फार तर शेवटचे २०. कोटेशनची मुदत १५ दिवस, कारण पितळी फिटिंगचे भाव हलतात. जीएसटी नोंदणी असेल तर कर वेगळ्या ओळीत दाखवा. नोंदणी नसेल तर जीएसटी लावताच येत नाही, ‘कर समाविष्ट’ असंही लिहू नका.

आपल्या काँट्रॅक्टरने याच पद्धतीने पुढचं कोटेशन दिलं. तीही वांद्र्यातलीच जुनी बिल्डिंग. दोन पानं झाली आणि रक्कम शेजारच्या कोटेशनपेक्षा १४,००० जास्त. मालकांनी फोन करून फक्त एक प्रश्न विचारला, डक्टचा वॉल्व सोसायटीकडून कसा बदलून घ्यायचा. त्याने सेक्रेटरींना द्यायच्या अर्जाचा नमुना पाठवला. वॉल्व बदलायला आठ दिवस लागले आणि काम त्यानंतरच सुरू झालं.