मुळाची भीती



पहिलीच्या वर्गात ‘आपले शरीर’ शिकवताना आम्ही फळ्यावर दाताचे चित्र काढतो आणि सांगतो, झाडासारखेच दातालाही मूळ असते. इंदूरमधल्या आमच्या वर्गातल्या एका मुलीची या वाक्याने झोप उडाली. ही गोष्ट तिच्या आजींनीच पालकसभेत सांगितली. मुलीचे नाव आम्ही बदलले आहे; तिला चिनू म्हणू.

पावसाळ्याचे दिवस होते. चिनूला भाजलेला भुट्टा भारी आवडे, पण त्या आठवड्यात ती म्हणू लागली, “आजी, मला किस दे.” आजींनी दोन दिवस भुट्ट्याचा किस केला. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाहिले की चिनू घास एकाच बाजूने चावते आणि दात घासताना ब्रश पुढच्या दातांना लावतच नाही.

“आ कर बघू.”

खालच्या पुढच्या दोन दातांपैकी एक हलत होता. भोवतीची हिरडी लाल होऊन सुजली होती, आणि ती हलण्यामुळे नव्हे, तर चार दिवस तिथे ब्रश न फिरल्यामुळे.

चिनू रडू लागली. “आजी, त्याचं मूळ निघेल ना? वादळात झाड पडलं तेव्हा केवढा खड्डा झाला होता!”

आजी हसल्या नाहीत. त्यांनी कपाटातून एक छोटी डबी काढली. तिच्यात तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा असा एक दात होता, चिनूच्या बाबांचा. बाकीचे सारे जुन्या घराच्या कौलांवर गेले, हा एवढाच राहून गेला होता.

“याचं मूळ शोध.”

चिनूने उलटसुलट करून पाहिले. खाली मूळ नव्हतेच. पोकळ, खडबडीत कड तेवढी होती.

“याला आधी लांब मूळ होतं,” आजी म्हणाल्या. “खाली नवा दात तयार होऊन वर सरकायला लागला, की दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरघळतं. म्हणून तर तो हलतो. तुला हलताना कळलं, म्हणजे मुळाचं काम बरंचसं झालंय. माझी दाढ डॉक्टरांनी उपटली तेव्हा मात्र तिला दोन पाय होते!”

आम्ही वर्गात जे अर्धेच सांगितले होते, ते आजींनी असे पुरे केले.

मग त्यांनी नेमके काय करायचे ते सांगितले. दात जिभेने हलवायचा, बोट लावायचे तर आधी हात धुवायचे. दोरा बांधून ओढायचा नाही, कारण मूळ थोडेसे शिल्लक असले तर हिरडी फाटते आणि दुखते. जिभेने ढकलल्यावर दात न दुखता आडवा होऊ लागला, की तो सुटायला आला असे समजायचे. मऊ ब्रश मात्र रोज तिथेही फिरवायचा. पडल्यावर थोडे रक्त येईल. स्वच्छ कापसाचा ओला बोळा त्या जागी दहा मिनिटे दाबून धरायचा, आणि सारखे काढून बघायचे नाही.

“आता मोजू या,” आजी म्हणाल्या. दुधाचे दात वीस, वर दहा आणि खाली दहा. वरचे दहा भरले. खालचे मोजताना अकरा झाले! अगदी मागे, शेवटच्या दाढेच्याही पलीकडे, हिरडीतून एक पांढरा उंचवटा डोकावत होता.

“बघ, एक जायच्या आधीच एक आलासुद्धा.”

पालकांनी इथे थोडे थांबावे. सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी ही दाढ कोणताही दात पडून येत नाही, त्यामुळे ती आल्याचे घरात कळत नाही. पुष्कळ घरी तिला दुधाचीच समजतात आणि कीड लागली तरी ‘पडेल ती’ म्हणून सोडून देतात. ती पडत नाही, ती कायमची आहे. ब्रश तिथवर पोहोचतो की नाही, हे मोठ्यांनी स्वतः पाहावे. पहिला दात बहुधा सहाव्या-सातव्या वर्षी पडतो. पण चार वर्षांच्या आतच दात हलू लागले, किंवा आठ उलटली तरी एकही हलला नाही, तर दातांच्या डॉक्टरांना दाखवावे.

आठवड्याभरात चिनूच्या हिरडीची सूज उतरली. सोळाव्या दिवशी, शाळेत डबा खाताना, दात पोळीच्या घासात आला. ती धावत आमच्याकडे आली. दात तळहातावर धरून तिने आधी तो उलटा केला आणि आम्हाला खालची बाजू दाखवली. “बाई, मूळ नाहीये.”

घरी प्रश्न उभा राहिला की तो टाकायचा कुठे. त्यांची सदनिका तिसऱ्या मजल्यावर. कौले नाहीत आणि उंदराचे बीळही नाही. चिनूने मग तो बाबांच्या दाताशेजारी डबीत ठेवला. काही दिवसांनी हिरडीत नव्या दाताची कड दिसू लागली, करवतीसारखी, आणि शेजारच्या दातांपेक्षा किंचित पिवळसर. कायमचे दात असेच दिसतात, हे आजींनी तिला आधीच सांगून ठेवले होते.