दोन भाषांतलं मेनूकार्ड : खर्च किती आणि कशाचा?

हॉटेलचं मेनूकार्ड करून घ्यायचं म्हटलं की बहुतेक मालक छापखान्यात पहिला प्रश्न विचारतात, ‘एका कार्डाला किती पडतील?’ पण मेनूकार्डावर खरा पैसा जातो तो दुसऱ्यांदा छापताना. तेलाचे, मटणाचे भाव वाढतात, चार-सहा महिन्यांत दर बदलावे लागतात, आणि तेव्हा कळतं की आपल्याकडे फक्त छपाईसाठीची पीडीएफ आहे. त्यातली अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे त्यांची चित्रं झालेली असतात. छपाईला ते सोयीचं असतं, कारण छापखान्यात तो फाँट नसला तरी अक्षर बिघडत नाही. मात्र त्यात १४० चे १६० करायला टाइप करण्याची सोय उरत नाही. म्हणून डिझाइनरकडून दोन फाइली मागा : छपाईची पीडीएफ आणि बदल करता येणारी ओपन फाइल, फाँटच्या नावांसह.

हिशेब मांडून पाहू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गावचे दर घालून बघा. मिसळ-थाळीचं एक हॉटेल, ७२ पदार्थ, ए-थ्री कागद मधोमध दुमडून चार पानं, २५ प्रती. डिझाइन पानाला ७०० रुपये, म्हणजे २८००. दोन्ही भाषांतलं टायपिंग आणि प्रूफ पदार्थामागे १० रुपये, म्हणजे ७२०. ओपन फाइलचे वेगळे १०००. दोन्ही बाजूंची रंगीत छपाई, मॅट लॅमिनेशन आणि घडीची रेघ धरून प्रत ९० रुपये, म्हणजे २२५०. एकूण ६७७०. सहा महिन्यांनी दर बदलले, तर ओपन फाइल असल्यास दुरुस्तीचे समजा ३०० आणि छपाईचे २२५०, एवढ्यात भागतं. ती नसेल आणि काम नव्या माणसाकडे गेलं, तर डिझाइन-टायपिंगचे ३५२० पुन्हा मोजावे लागतात. वाचवलेले हजार रुपये पहिल्याच दरवाढीत तिपटीने जातात.

टायपिंग युनिकोडमध्येच करून घ्या. जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर तो फाँट नसला की अगम्य चिन्हांचा ढीग होतो. युनिकोडलाही एक धोका आहे. डिझाइनच्या काही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये वेलांटी आणि रफार जागा सोडतात. प्रूफवर ‘मिसळ’ आणि ‘तर्री’ हे दोन शब्द नीट पाहा. ‘मिसळ’ची वेलांटी सरकून ‘मसिळ’ वाचलं जात असेल, किंवा ‘तर्री’चा रफार वर न चढता पाय मोडलेला र दिसत असेल, तर सगळं कार्ड तपासायला परत पाठवा. रुपयाचं ₹ हे चिन्ह २०१० साली आलं. त्याआधीच्या फाँटमध्ये ते नसतं आणि त्याजागी कोरा चौकोन छापून येतो.

दर मात्र एकदाच छापा. डावीकडे मराठी नाव, त्याखाली इंग्रजी, आणि उजवीकडे इंग्रजी आकड्यांत एकच रकाना. दोन्ही भाषांना वेगळे दर दिले, की बदलताना एक हमखास राहून जातो आणि काउंटरवर वाद होतो. जीएसटी दरात धरलाय की वेगळा, हे दोन्ही भाषांत लिहा. कंपोझिशन योजनेतल्या हॉटेलला तो ग्राहकाकडून वेगळा घेता येत नाही, तेव्हा दुसऱ्या कार्डावरची ओळ तशीच उचलू नका.

फाइल सीएमवायके रंगांत, फोटो ३०० डीपीआयचे, आणि चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड हवं, नाहीतर कापताना कडेला पांढरी रेघ राहते. काळा मजकूर फक्त काळ्या शाईचा ठेवायला सांगा. चार रंग मिसळून केलेला काळा किंचित सरकला, तरी बारीक मात्रा-अनुस्वार फिसकटतात. मराठी अक्षर त्याच पॉइंटचं असूनही इंग्रजीपेक्षा लहान दिसतं, म्हणून ते एक-दोन पॉइंट मोठं घ्या.

आकार ठरवण्याआधी छापखान्यातला कागद विचारा. डिजिटल छपाईचा १२ × १८ इंची कागद ३०५ मिलिमीटर रुंद असतो. ए-थ्रीची २९७ मिलिमीटरची बाजू ब्लीड धरून ३०३ होते, आणि मशीन कडेला थोडी जागा कोरी सोडतंच. म्हणजे पूर्ण ए-थ्री त्यावर कडेपर्यंत बसत नाही. एक तर १३ × १९ चा कागद मागा, नाहीतर कार्डाची उंची २८५ मिलिमीटर करा. हे डिझाइन झाल्यावर कळलं, तर चारही पानं पुन्हा मांडावी लागतात.

दुरुस्त्यांच्या किती फेऱ्या पैशांत धरल्यात हे आधीच लिहून घ्या. आणि शेवटचा हप्ता देण्यापूर्वी ओपन फाइल दुसऱ्या संगणकावर उघडा, एक दर स्वतः बदलून पाहा, आणि तो बदलला तरच पैसे द्या.