कुकर परत देऊ नका

प्रश्न : सात महिन्यांपूर्वी जालन्यातून घेतलेल्या कुकरचं झाकण गेल्या महिन्यात डाळ शिजताना उडालं. पत्नीचा उजवा हात आणि मान भाजली. ती ब्लाऊज शिवते. हात अजून नीट वळत नाही. दुकानदार म्हणतो, जुना कुकर आणा, एका कागदावर सही करा आणि नवा घेऊन जा. नवा घ्यावा की पैसे मागावेत? बिल सापडत नाही.
— एक वाचक, अंबड

उत्तर : सध्या दोन्ही नको. तुमची खरी काळजी कुकरची नाही. दवाखान्याच्या खर्चाची आणि बंद पडलेल्या शिलाईची आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या सहाव्या प्रकरणानुसार सदोष वस्तूमुळे इजा झाली, तर उत्पादकाकडे भरपाई मागता येते. कुकर तुम्ही घेतला असला तरी तुमच्या संमतीने वापरणारी पत्नीही ग्राहकच आहे. तक्रार तिच्या नावाने करा.

आता तो कुकर. तो हातचा गेला, की दावाही गेल्यातच जमा. दोष सिद्ध तुम्हाला करायचा आहे. वस्तूच नसेल तर तपासणार काय? अशी माणसं मी पाहिली आहेत, ज्यांनी कुकर ‘तपासणीसाठी’ दिला आणि तो परत आलाच नाही. मग समोरून ठरलेलं उत्तर येतं : रबर डुप्लिकेट होतं, वाफ असताना झाकण ओढलं. वस्तूचा गैरवापर किंवा त्यात फेरफार झाला असेल, तर कलम ८७ प्रमाणे विक्रेता सुटतो.

म्हणून भांडं, झाकण, शिट्टी, रबर, सेफ्टी व्हॉल्व्ह सगळं आहे तसं ठेवा. धुऊ नका. नळीत डाळ अडकली असेल तर राहू द्या. वाफेची वाट बंद होती की मोकळी, हे त्यावरूनच कळतं. व्हॉल्व्हमधला धातू वितळला की शाबूत आहे, तेही तज्ज्ञ पाहतो. फोटो काढा आणि खोक्यात घालून कुलपात ठेवा. ओळखीच्या मेकॅनिकला उघडायला देणं हा शुद्ध वेडेपणा. तक्रार केल्यावर ग्राहक आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवतो. तपासणीची फी आधी तुम्हाला भरावी लागते.

त्या कागदावर ‘आमची कोणतीही तक्रार उरली नाही’ असं असणार. सही करू नका.

बिलाऐवजी यूपीआयची नोंद किंवा वॉरंटी कार्ड चालेल. कुकरवर आयएसआय खूण आणि परवाना क्रमांक आहे का, पाहा. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती कुकरला ती सक्तीची आहे. उत्पादकाचा पत्ताच लागत नसेल, तर विक्रेत्यावर जबाबदारी येते. केसपेपरवर नुसतं ‘भाजले’ असेल, तर ‘कुकरचं झाकण उडून’ अशी नोंद डॉक्टरांकडून आजच करून घ्या.

तक्रार जालन्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. आयोगाची हद्द आणि फी कुकरच्या किमतीवरून ठरते, मागितलेल्या भरपाईवरून नाही. म्हणून फी शून्य. बुडालेली शिलाई हाताच्या दुखापतीचा भाग म्हणून मांडा. निव्वळ आर्थिक नुकसान म्हणून मागितलीत, तर कायद्याचं सहावं प्रकरण ते धरत नाही.