व्हॉट्सअ‍ॅपवरची नोटीस टाळता येते का?

प्रश्न : क्रेडिट कार्डाच्या थकबाकीची न्यायालयीन नोटीस मला व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफमध्ये आली. टपालाने काहीच आलेले नाही. दुर्लक्ष केले तर चालेल का?
– एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : चालणार नाही. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयात असेच प्रकरण आले होते. थकबाकीदार नोटीस टाळत होता, म्हणून कंपनीच्या अधिकाऱ्याने ती पीडीएफ करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. निळ्या खुणांवरून संदेश पोहोचला आणि पीडीएफही उघडली गेली, हे दिसले. न्या. गौतम पटेल यांनी नोटीस बजावली गेल्याचे मान्य केले.

तुमच्या पीडीएफवर डिजिटल स्वाक्षरी असेल, तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ५ नुसार तिला हाताच्या सहीइतकीच मान्यता आहे. मात्र ती तपासायची तर मूळ फाइलच हवी. प्रिंटवर सहीचे फक्त चित्र उमटते, म्हणून पीडीएफ जपून ठेवा.

फौजदारी बाबतीत नियम वेगळा आहे. चौकशीला हजर राहण्याची पोलिसांची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये बजावले आहे.

तुमच्या नोटिशीवरचा दावा क्रमांक ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर ताडून पाहा. तो जुळला, तर दिलेल्या तारखेला वकिलामार्फत हजर राहा.