माणकीची रिंग तेलात किती सेकंद ठेवायची? आणि ती रबर का होते?



पावसाळा ओसरला की जाळ्यात माणकी दिसू लागते आणि आपल्या विक्री केंद्रावर एक तक्रार हमखास येते: "रिंगा चावता चावेनात, माल शिळा दिलात." (सिंधुदुर्गाकडचे आपले वाचक हिला माकुल म्हणतात, मासळी तीच.) परवा ही तक्रार घरातूनच आली, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

आपल्या एका सभासदाच्या घरी बारशाच्या, वाढदिवसाच्या ऑर्डरी घेतात. वहिनींनी दोन किलो माणकी नेली. सकाळी चव बघायला म्हणून दहा रिंगा तळल्या, त्या एकदम मऊ झाल्या, पोरांनी उभ्या उभ्या संपवल्या. संध्याकाळी त्याच मालाच्या, त्याच मसाल्यातल्या रिंगा ऑर्डरीत गेल्या आणि गिऱ्हाईकाने अर्धे पैसे कापले. वर होडीवाल्याचं नाव खराब झालं ते वेगळंच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. शिळी माणकी चिवट होत नाही. ती लिबलिबीत होते, पांढरं मांस गुलाबीसर पडतं आणि नाकाला उग्र वास येतो. ताजी माणकी पांढरीशुभ्र, घट्ट असते आणि तीच जास्त शिजली तर रबर होते. म्हणजे चिवट रिंग हा कढईतला दोष आहे, टोपलीतला नव्हे.

मांसात नेमकं काय होतं?

माणकीचं अंग म्हणजे एक नळी. त्या नळीतले बहुतेक स्नायूंचे तंतू गोल गोल, नळीभोवती वळसा घातल्यासारखे असतात. आतून-बाहेरून त्यांना कोलॅजेनचे पातळ, मजबूत पडदे चिकटलेले असतात. मासळीच्या तुकड्यासारखे आखूड थर इथे नाहीत, म्हणून ती काट्याने सुटत नाही. आपण रिंग कापतो तेव्हा हे वळसे अख्खेच राहतात.

उष्णता लागली की पहिल्यांदा मांस काचेसारखं असतं ते दुधासारखं पांढरं होतं. तेव्हा ते शिजलेलं असतं, पण रस अजून आत असतो. दाताखाली हलकेच तुटतं. आपल्याला हवी ती वेळ हीच.

तापमान आणखी चढलं की तंतू आणि पडदे दोन्ही आक्रसतात. ओलं फडकं पिळावं तसं आतलं पाणी बाहेर ढकललं जातं. वळसे गोल असल्यामुळे रिंगचं चक्र लहान होतं आणि कड जाड होते. पाणी गेलं, तंतू दाटले, की झालं रबर.

गंमत अशी की ह्याच्याही पुढे, मंद आचेवर रश्शात अर्धा-पाऊण तास ठेवलं तर कोलॅजेन विरघळून माणकी पुन्हा मऊ होते. आंबट-तिखात ती मऊ लागते ती म्हणून. पण तळणीत हा दुसरा रस्ता नाही. अर्धा तास तेलात ठेवली तर पाणी सगळं उडून जाईल आणि रवा कोळसा होईल. म्हणून तळायची तर पहिल्याच टप्प्यावर बाहेर काढायची.

मग किती सेकंद?

तेल 180 ते 190 अंश सेल्सिअस तापलेलं, रिंग बोटभर म्हणजे साधारण 1 सेंटिमीटर रुंद आणि माणकी मध्यम आकाराची असेल तर 45 ते 60 सेकंद. लहान, पातळ माणकी असेल तर 30 ते 40. जाड अंगाची मोठी असेल तर सव्वा मिनिटापर्यंत. दोन मिनिटांवर गेलात की फरक दाताला कळतोच.

आता खरी अडचण. मांस एका मिनिटात तयार होतं, पण वरचा रवा तेवढ्या वेळात कुरकुरीत झाला पाहिजे. तो झाला नाही तर आपण थांबतो. "अजून रंग आला नाही, राहू दे जरा," असं म्हणत आपण रव्यासाठी थांबतो आणि त्या वेळात मांसाचं रबर होतं. तेव्हा सगळं कौशल्य एकाच गोष्टीत आहे: रवा एका मिनिटात होईल अशी तयारी करायची. त्यासाठी तेल कडक, रिंग कोरडी आणि कढईत गर्दी नको.

वहिनींचं कुठे चुकलं?

सकाळी एक लिटर तेलात दहा रिंगा, म्हणजे साधारण 100 ग्रॅम मांस होतं. तेल थोडं उतरलं, लगेच सावरलं, 50 सेकंदांत रिंगा बाहेर.

संध्याकाळी पाहुणे दारात. दोन किलो माणकी साफ करून सव्वा किलोच्या आसपास राहिली. तेवढ्याच तेलात एका वेळी चाळीस रिंगा, म्हणजे 400 ग्रॅम. माणकीत बहुतांश पाणीच असतं, त्यात ती थंड. तेल एकदम खाली उतरलं. चरचर आवाज मंदावला, रिंगांनी पाणी सोडलं, रवा भिजून सुटायला लागला. रंग यायला चार मिनिटं लागली. वाट पाहिली रव्याची, भोगलं मांसाने.

हिशेब करून बघा. चाळीस-चाळीसचे तीन घाणे, प्रत्येकी चार-पाच मिनिटं, म्हणजे पंधरा मिनिटं. दहा-दहाचे तेरा घाणे, प्रत्येकी एक मिनिट तळणं आणि दीड मिनिट तेल पुन्हा तापायला, म्हणजे साधारण अर्धा तास. पंधरा-वीस मिनिटं वाचवायला गेलो आणि ऑर्डरीचे अर्धे पैसे गेले. घाई असेल तर दुसरी कढई लावा, पण घाणा वाढवू नका.

त्यात आणखी एक चूक झाली. तळलेल्या रिंगा गरम गरमच झाकणाच्या डब्यात भरल्या. आत वाफ धरली, रवा नरम पडला, म्हणून निघताना पुन्हा एकदा तेलात टाकल्या. जे काही शिल्लक होतं ते दुसऱ्या तळणीत गेलं.

आता पद्धत, क्रमाने

साफ करताना डोकं ओढून काढा, त्याबरोबर शाईची पिशवी आणि आतडी येतात. नळीच्या आतलं पारदर्शक पातं काढा. पायांच्या मधली कडक चोच दाबून काढा. वरची जांभळट साल बोटाने सोला. साल राहिली तर ती तेलात आधी आक्रसते आणि रिंग वाकडी होते. नळी आतून धुऊन मग रिंगा कापा, सगळ्या सारख्या रुंदीच्या. रुंदी कमी-जास्त असेल तर एकाच घाण्यात काही कच्च्या, काही रबर होणार.

नंतर सुती फडक्यावर पसरून नीट कोरड्या करा. ही पायरी सोडू नका. बर्फातली किंवा फ्रीझरमधली माणकी असेल तर ती पूर्ण विरघळू द्या, ती जास्त पाणी सोडते. ओल्या रिंगेवर तेलाची अर्धी उष्णता पाणी उडवण्यातच जाते, शिवाय तेल अंगावर उडतं.

मीठ, हळद, तिखट, लिंबू किंवा रेशाद मसाला, जे आवडेल ते लावा, पण पातळ थर आणि फक्त दहा मिनिटं. मीठ लावून तासभर ठेवली तर पाणी सुटतं. रेशाद मसाल्यात साखर असते, जाड लावलात तर तो मांसाआधी करपतो. भांड्यात सुटलेलं पाणी ओतून टाका.

तीन वाट्या बारीक रव्याला एक वाटी तांदळाचं पीठ. रिंग घोळवायची ती तेलात सोडण्याच्या अगदी आधी. आधीच घोळवून ताटात मांडून ठेवल्या तर रवा ओल शोषून चिकट होतो. घोळवून झाली की झटका, सुटा रवा तेलात जळतो आणि पुढचे घाणे काळे करतो.

तेल बघायला थर्मामीटर नसला तर मसाला लागलेल्या रव्याची चिमूट टाका. खाली बसून हळू बुडबुडे आले तर तेल थंड. टाकताच फसफसून वर पसरली तर तयार. धूर दिसला तर जास्त, आच कमी करून थांबा.

आणि पहिला घाणा तीनच रिंगांचा. एक 30 सेकंदांनी काढा, एक 45 ला, एक 60 ला. चावून बघा. त्या दिवसाच्या मालाची, तुमच्या कढईची वेळ तुम्हाला मिळाली. पुढे मोबाईलचं घड्याळ लावा आणि तेवढेच सेकंद धरा. रेशाद मसाल्याच्या लाल रंगावर अजिबात जाऊ नका, त्यात सोनेरी झालं की नाही ते कळतच नाही. बुडबुडे शांत होण्याचीही वाट पाहू नका. बुडबुडे म्हणजे माणकीतलं पाणी. ते थांबले म्हणजे रस संपला.

पाय वेगळ्या घाण्यात तळा, झाकण हाताशी ठेवून. त्यांच्या आत पाणी अडकतं आणि तेल उडतं.

काढलेल्या रिंगा जाळीवर एका थरात ठेवा. बाहेर आल्यावरही आतली उष्णता काही क्षण शिजवत राहते, म्हणून वाटतं त्याच्या जरा आधीच काढलेलं बरं. ऑर्डर पाठवायची असेल तर पाच मिनिटं जाळीवर निवू द्या, मग भोकं असलेल्या कागदी खोक्यात भरा. पुन्हा तळणं नाही.

तरीही रबर झालीच तर?

तेलात परत टाकू नका. नारळाच्या रसात किंवा आंबट-तिखात बुडवून, झाकून, मंद आचेवर 30 ते 40 मिनिटं शिजवा. रवा सुटून रस्सा दाट होईल, कुरकुरीतपणा गेला तो गेलाच, पण माणकी मऊ होईल आणि जेवण वाया जाणार नाही.

वहिनींनी पुढची ऑर्डर घेतली आहे. ह्या खेपेला दोन कढया आणि दहा-दहा रिंगा असं ठरलंय. तुमच्याकडे माणकी आली की आधी ती तीन रिंगांची चाचणी करून बघा आणि किती सेकंद लागले, माणकी केवढी होती, ते खाली लिहा. पुढच्या गिऱ्हाईकाला माल देताना आम्हाला तेच सांगता येईल.