शनिवारी सकाळी बागेत: ब्रिटनमध्ये नेहमीच्या मंडळींशी ओळख वाढवताना

ब्रिटनमध्ये जिम, योगवर्ग किंवा बागेतला धावण्याचा कट्टा यांपैकी कुठेही नवखा माणूस गेला, तरी तिथे आधीपासून येणाऱ्यांचा एक संच ठरलेला असतो. ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि एकमेकांना ओळखणारे चेहरे. या संचात शिरण्याचा रस्ता गप्पांतून फारसा जात नाही. तो हजेरीतून आणि तिथल्या कामातून जातो. आपल्याकडे नव्या माणसाला पहिल्याच भेटीत गाव कुठलं, नोकरी कुठे, मुलं किती, घर स्वतःचं की भाड्याचं हे विचारणं आपुलकीचं समजतात. तिथे हेच प्रश्न पहिल्या भेटीत चौकशीसारखे वाटतात. हवापाणी, आजचा चिखल, गुडघ्याचं दुखणं, पुढच्या आठवड्याचा वर्ग हे विषय मात्र पहिल्या दिवसापासून मोकळे असतात. अनेक वर्षं तिथे राहिलेली मराठी कुटुंबं नव्याने येणाऱ्याला साधारण हेच सांगतात, आणि सुरुवात जिमऐवजी पार्करनपासून करायला सुचवतात.

पार्करन म्हणजे दर शनिवारी सकाळी बागेत होणारं ५ किलोमीटरचं विनामूल्य धावणं. इंग्लंड आणि वेल्समध्ये ते ९ वाजता सुरू होतं, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये साडेनऊला. २००४ साली लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ धावपटूंनिशी त्याची सुरुवात झाली. आता ते देशभर पसरलं आहे. चालत पूर्ण केलं तरी चालतं, आणि एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांच्या मागे चालत येतो, त्यामुळे शेवटचं येण्याची भीती राहत नाही. नोंदणी एकदाच करायची. मिळालेला बारकोड फोनमध्ये किंवा छापून जवळ ठेवायचा, कारण त्याशिवाय वेळेची नोंद होत नाही.

नवागताच्या दृष्टीने या उपक्रमाचा मोठा गुण असा की ओळख करून देण्याची सोय त्याच्या क्रमातच आहे. सुरू होण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी पहिल्यांदा आलेल्यांसाठी वेगळी छोटी माहितीसभा असते. तिथे उभं राहणं म्हणजेच ‘मी नवीन आहे’ हे न बोलता सांगणं. मुख्य सूचनांच्या वेळी पाहुणे कोण, पहिल्यांदा कोण आलं आहे हे बऱ्याच ठिकाणी विचारतात, टाळ्याही वाजवतात. हात वर करायला संकोच नको, कारण त्यानंतर शेजारचा माणूस आपण होऊन दोन वाक्यं बोलतो. कुठून आलात, रस्ता कसा आहे, शेवटी चढण आहे, एवढंच. त्याला उत्तर देऊन आपणही एक साधा प्रश्न परत विचारावा: ‘तुम्ही नेहमी इथेच येता का?’ आणि तिथेच थांबावं. पहिल्या शनिवारी एवढं पुरे.

धावताना वळणावळणावर पिवळ्या जाकिटातले स्वयंसेवक उभे असतात, हात दाखवून रस्ता सांगतात आणि टाळ्या वाजवतात. त्यांच्यासमोरून जाताना ‘थँक यू, मार्शल’ म्हणण्याची रीत आहे. दम लागलेला असेल तर नुसता हात उंचावला तरी चालतो. ही रीत पाळणारा नवखा माणूस तिथल्या लोकांना लगेच आपल्यातला वाटू लागतो. समाप्तीनंतर एका अरुंद रांगेतून पुढे जायचं, क्रमांकाची छोटी प्लॅस्टिकची चकती घ्यायची, ती आणि स्वतःचा बारकोड स्कॅन करून घ्यायचा आणि चकती परत द्यायची. चकती खिशात घालून घरी नेली तर पुढच्या आठवड्याला ती कमी पडते आणि निकालाची जुळणी करणाऱ्या स्वयंसेवकाचं काम वाढतं. परत न केलेली चकती आयोजकांच्या चांगली लक्षात राहते.

‘ऑल राइट?’ हे तिथलं अभिवादन नव्या माणसाला गोंधळात टाकतं. बागेत, जिमच्या दारात, कुठेही ते येता-जाता टाकलं जातं. समोरचा तब्येतीची सविस्तर हकिकत मागत नसतो. ‘येस, थँक्स, यू?’ एवढं म्हणून चालत राहिलं की झालं. सकाळी नुसतं ‘मॉर्निंग’ आणि किंचित मान झुकवणंही पूर्ण अभिवादन आहे. हस्तांदोलनासाठी हात पुढे करण्याची गरज क्वचितच पडते. वयाने मोठ्यांनाही काका-काकू किंवा अंकल-आंटी न म्हणता पहिल्या नावाने हाक मारायची, आणि नाव माहीत नसेल तर सरळ विचारायचं. तिसऱ्या-चौथ्या भेटीत ‘आपण इतक्यांदा भेटलो, पण तुमचं नाव राहिलंच’ असं म्हटलं तर कोणालाही वावगं वाटत नाही.

सोयीसाठी असं धरू की नाशिकहून रेडिंगला आलेली एक तरुणी दर शनिवारी जवळच्या बागेतल्या पार्करनला जाऊ लागते. पहिले दोन आठवडे ती धावते, आभार मानते आणि घरी जाते. तिसऱ्या आठवड्यापर्यंत चार-पाच चेहरे तिच्या ओळखीचे होतात: कुत्रा घेऊन येणारा उंच गृहस्थ, मुलाची ढकलगाडी घेऊन धावणारी बाई, मागून चालणाऱ्या दोन निवृत्त मैत्रिणी. त्यांना ती नावानिशी ओळखत नाही, पण हात हलवते. चौथ्या आठवड्यात ती धावण्याऐवजी स्वयंसेवक म्हणून नाव देते. अनेक कामांना कोणतंही खास प्रशिक्षण लागत नाही. आयोजकांना आधी कळवायचं आणि वेळेआधी पोचायचं, एवढंच. तिला चकत्या वाटण्याचं काम मिळतं. त्या तासाभरात येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस तिच्यासमोरून जातो, चकती घेतो आणि ‘थँक यू’ म्हणतो. पुढच्या शनिवारी ती पुन्हा धावायला आली की अनोळखी लोक तिला पाहून हसतात. कुत्रा असलेला गृहस्थ ‘आज धावायला?’ असं विचारतो. पाचव्या आठवड्यात निवृत्त मैत्रिणींपैकी एक म्हणते, ‘आम्ही कॅफेत चाललोय, येतेस का?’ या क्रमात तिने कोणालाही स्वतःहून खाजगी प्रश्न विचारलेला नाही. काम आणि पुनरावृत्ती यांनीच रस्ता केला. तिने पहिल्याच दिवशी कॅफेत जाऊन मोठ्या टेबलाशी खुर्ची ओढली असती, तर बहुधा जागा मिळाली असती, पण गप्पांना इतक्या लवकर ऊब आली नसती.

कॅफेत सहसा प्रत्येकजण स्वतःची कॉफी घेतो. ‘मी सगळ्यांचे पैसे देते’ हा आपला आग्रह पहिल्या भेटीत समोरच्याला अवघड करतो, कारण त्याला परतफेडीचं ओझं वाटतं. एखाद्याची पन्नासावी किंवा शंभरावी फेरी असेल तर केक किंवा खाऊ आणायची प्रथा बऱ्याच ठिकाणी आहे. तेव्हा बेसनाचे लाडू नेणं छान, फक्त डब्यावर चिठ्ठी हवी: तूप आहे, काजू-बदाम आहेत की नाहीत. सुकामेव्याची ॲलर्जी तिथे फार गांभीर्याने घेतात. चिठ्ठी नसलेला डबा बहुधा तसाच परत येतो, आणि त्याचं कारण चव नसते.

योगवर्गात वेळेची शिस्त आणखी मोठी. पाच-दहा मिनिटं आधी पोचावं, बूट दाराशी काढावेत. चटई टाकण्यापूर्वी शेजारच्याला ‘इथे कोणी येणार आहे का?’ हे विचारावं, कारण नेहमीच्यांच्या जागा न लिहिलेल्या पण पक्क्या असतात. वर्ग सुरू होण्यापूर्वी खोली शांत असेल तर आपणही शांत बसावं. गप्पांची वेळ नंतरची: चटया गुंडाळताना, ठोकळे आणि पट्टे जागेवर ठेवताना, ब्लँकेटं घडी करताना. कोणी एकट्याने सगळी ब्लँकेटं उचलत असेल तर निम्मी आपण घ्यावीत. यातून ओळख वाढते आणि मदतही होते.

भारतीय माणसाला इथे एक वेगळी अडचण येते. कोणीतरी विचारतंच: ‘तुम्ही तर लहानपणापासून करत असाल?’ खरं असेल ते सांगावं, शाळेत सूर्यनमस्कार घातले असतील तर तेवढंच, आणि लगेच विचारावं, ‘तुम्ही कसं सुरू केलंत?’ आसनांच्या नावांचा उच्चार दुरुस्त करण्याचा मोह मात्र आवरावा. शिक्षक स्वतः विचारतील तेव्हा सांगण्यात हरकत नाही. भर वर्गात दुसऱ्या विद्यार्थ्याला सुधारणं हे शिक्षकाच्या कामात हात घालण्यासारखं आहे. दुखापत असल्यास ती वर्गाआधी शिक्षकाला सांगावी, शेजाऱ्याला नव्हे.

जिमचं वातावरण सर्वांत बंदिस्त असतं, म्हणून तिथे अपेक्षा कमी ठेवाव्यात. कानात हेडफोन असणाऱ्याला मान हलवून अभिवादन करायचं, बोलायचं नाही. वजन हातात असताना कोणालाच हाक मारायची नाही. बोलायचंच असेल तर दोन सेटच्या मधल्या विश्रांतीत आणि समोरून, मागून जाऊन खांद्याला हात लावून कधीही नाही. ‘यंत्र वापरताय का?’, ‘किती सेट राहिलेत?’, ‘मध्ये मध्ये मी केलं तर चालेल?’ हे तीन प्रश्न सगळीकडे चालतात. बेंचवर दांडी उचलताना मदतीला उभं राहायला सांगणं हेही ओळखीचं चांगलं निमित्त आहे. फक्त किती वेळा उचलणार आणि दांडीला हात कधी लावायचा हे आधी स्पष्ट करावं. न विचारता व्यायामाची पद्धत सुधारू नये. आपल्याकडे ‘बारीक झालात हो!’ ही शाबासकी असते. तिथे शरीराबद्दलचं कोणतंही मत, चांगलंसुद्धा, अनोळखी माणसाकडून आलेलं रुचत नाही. पुरुषांनी एकट्या व्यायाम करणाऱ्या स्त्रीशी बोलताना ही मर्यादा आणखी कसोशीने पाळावी, आणि कपडे बदलण्याच्या खोलीत अभिवादनापलीकडे जाऊ नये.

ओळख पुढे सरकते आहे की अति झालं, हे उत्तरांवरून कळतं. एका शब्दात उत्तर, प्रश्नाच्या बदल्यात प्रश्न नाही, हेडफोन पुन्हा कानात, पाय दाराकडे वळलेले, यांतल्या दोन खुणा एकत्र दिसल्या तर संभाषण तिथेच संपवावं आणि पुढच्या भेटीत नुसत्या ‘मॉर्निंग’वर यावं. लांबलचक माफी मागितल्याने समोरच्याचा अवघडलेपणा वाढतोच. उलट समोरचा आधी अभिवादन करू लागला, मागच्या आठवड्यातली एखादी गोष्ट आठवून विचारू लागला किंवा ‘गेल्या शनिवारी दिसला नाहीत’ म्हणाला, तर दार उघडलं आहे असं समजावं. फोन नंबर याच टप्प्यावर, आणि शक्यतो एखाद्या कामाच्या निमित्ताने: गाडीतून एकत्र जाणं, दुसऱ्या बागेतल्या पार्करनला भेट देणं. फोटो काढताना विचारावं, आणि इतरांची मुलं फोटोत येणार असतील तर पालकांना विचारल्याशिवाय काढूच नये.

‘कधीतरी कॉफीला भेटू’ हे वाक्य तिथे निरोपाच्या जवळचं असतं. तारीख ठरेपर्यंत ते आमंत्रण नाही. म्हणून घरी बोलवायचं असेल तर ‘या हो केव्हाही’ असं मोघम न म्हणता दिवस, सुरू होण्याची आणि साधारण संपण्याची वेळ, आणि कोण कोण असेल हे सांगावं. काय खात नाही, कशाची ॲलर्जी आहे, तिखट किती चालतं हे आधी विचारून घ्यावं. उत्तर देण्यासाठी दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत. नकार आला तर कारण विचारू नये. पुढच्या शनिवारी त्याच जागी, नेहमीप्रमाणे ‘मॉर्निंग’ म्हणावं.