स्लॅबचा हिशेब सरांकडे तपासायला पाठवताना

‘शीट जोडली आहे, कृपया तपासा’ एवढाच मेल गेला, तर सरांना सगळा हिशेब पहिल्यापासून मांडावा लागतो. काय धरलं आणि का, हे लिहिलं तर ते थेट शंकेच्या जागी पोहोचतात. उदाहरणाला १२ × ९ मीटरचा बंगला घेऊ. काँक्रीटचा दर समजण्यापुरता घनमीटरला ६,००० रुपये धरला आहे. तिथे आपल्या गावचा चालू दर घालावा.

नमुना मेल

विषय: पहिल्या मजल्याचा स्लॅब, ऑर्डरआधी क्वांटिटी तपासणी

सर, नमस्कार.

तळमजल्याच्या डोक्यावर येणाऱ्या स्लॅबची शीट जोडली आहे. काँक्रीटची ऑर्डर शुक्रवारी द्यायची आहे.

१. स्लॅब: जिन्याची १० चौ.मी. मोकळी जागा वजा करून ९८ चौ.मी., जाडी १२५ मिमी. काँक्रीट १२.२५ घ.मी.

२. बीम: २३० × ४५० मिमी. कॉलमची रुंदी सोडून लांबी ६४ मीटर. खोली स्लॅबच्या खालची, म्हणजे ३२५ मिमी धरली. काँक्रीट ४.७८ घ.मी.

३. एकूण १७.०३ घ.मी. जिना आणि छज्जे यात नाहीत.

४. सळई बीबीएसप्रमाणे १,४५० किलो, म्हणजे घनमीटरला सुमारे ८५ किलो.

शंका एकच: टॉयलेटच्या सनकन स्लॅबच्या उभ्या कडा ड्रॉइंगमध्ये आहेत, शीटमध्ये घेतलेल्या नाहीत. त्या इथेच घ्यायच्या का?

पैसे कुठे अडकतात

सर बहुधा आधी बीमची खोली पाहतील. पूर्ण ४५० मिमी धरली, तर बीमवरचा स्लॅबचा थर दोनदा मोजला जातो. इथे तो १.८४ घ.मी. भरतो, म्हणजे सुमारे ११,००० रुपये. जिन्याची जागा वजा करायची राहिली, तर आणखी ७,५०० रुपये वाढतात.

तिसरी जागा कागदावर दिसत नाही. सेंट्रिंग कुठे बसलं असेल आणि सरासरी जाडी १० मिमीने वाढली, तर जवळपास १ घ.मी. काँक्रीट जादा लागतं. म्हणून मेल करण्याआधी सेंट्रिंगची लेव्हल ठिकठिकाणी घ्यावी आणि फरक मेलमध्ये नोंदवावा.

ऑर्डर किती द्यावी

१७.०३ वर ३ टक्के वाया जाणं धरलं, तर साडेसतरा घ.मी. होतात. सहा-सहा घनमीटरच्या दोन गाड्या पक्क्या सांगाव्यात. तिसरीची क्वांटिटी नंतर कळवू, हे प्लांटला आधीच सांगून ठेवावं. दुसरी गाडी रिकामी होत असताना उरलेला भाग टेपने मोजून आकडा द्यावा. जास्त मागवलं तर पैसे वाया जातात. कमी पडलं आणि पुढची गाडी येईपर्यंत आधीचं काँक्रीट आवळलं, तर तिथे कोल्ड जॉइंट पडतो आणि पुढे त्याच रेषेतून गळती होऊ शकते.